मोराइमाशिता: एका वाक्याची फोड

जुई,

तू विचारलेलं जपानी वाक्य हे:

वाताशि वा किनो तोमोदाचि नि होन ओ मोराइमाशिता.
काल मला मित्राकडून पुस्तक मिळालं.

'नि म्हणजे ला, असं तुम्हीच शिकवलंत, मग मित्राला का नाही?' हा तुझा प्रश्न रास्त आहे. आधी सोपं उरकू.

वाताशि म्हणजे मी. वा सांगतं की बोलणं कोणाबद्दल आहे. ते लिहायचं हिरागाना लिपीतल्या 'हा'ने, वाचायचं 'वा'. खरं तर बोलताना जपानी माणूस 'वाताशि वा' गाळूनच टाकेल.

किनो म्हणजे काल, शेवटचा ओ लांब. याला काही जोडायचं नाही. 'सोमवारी', 'तीन वाजता' यांना नि लागतं. काल, आज, उद्या यांना लागत नाही.

होन म्हणजे पुस्तक किंवा पुस्तकं, आणि ओ ही कर्माची खूण. इथे थांब. मराठीत 'पुस्तक मिळालं' म्हणताना पुस्तक कर्ता असतं, म्हणून तर क्रियापद नपुंसकलिंगी होतं. जपानीत मात्र मिळवणारा 'मी' कर्ता आणि पुस्तक कर्म. आपल्या 'मला'वरून तिकडे 'वाताशि नि' करायला गेलीस, तर अर्थ होईल 'माझ्याकडून मिळालं'. सगळे इथेच घसरतात.

आता क्रियापद. मूळ रूप मोराउ, म्हणजे कोणीतरी दिलेलं मिळणं. मोराइ हे त्याचं अंग, माशिता हा आदरार्थी भूतकाळ. ऐकताना 'माश्ता' वाटेल. लिंग, वचन, पुरुष काही बघायचं नाही. मी, तू, त्या, सगळ्यांना मोराइमाशिताच. मिळालं-मिळाला-मिळाली करत वाढलेल्यांना ही सुट्टीच.

आणि तुझा नि. तोमोदाचि म्हणजे मित्र, मैत्रीण किंवा मित्रमंडळी, जे प्रसंगात बसेल ते. नि फक्त एवढंच सांगतं की देण्याघेण्यात पलीकडच्या टोकाला हा माणूस आहे. वस्तू कुठून कुठे गेली ते क्रियापद ठरवतं. शेवटचा शब्द बदलून बघ:

वाताशि वा तोमोदाचि नि होन ओ आगेमाशिता.
मी मित्राला पुस्तक दिलं.

नि तोच, पण मोराउबरोबर 'कडून' आणि आगेरुबरोबर 'ला'. म्हणून जपानी वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्याशिवाय भाषांतर सुरू करू नकोस. गोंधळ नकोच असेल तर मोराउच्या वाक्यात 'तोमोदाचि कारा' म्हण, तेही बरोबर आहे. देणारी कंपनी किंवा शाळा असेल तर मात्र काराच वापरायचं.

गुरुवारच्या तासाला पहिलंच वाक्य कुरेमाशिता, म्हणजे 'मला दिलं', हे क्रियापद वापरून लिहून आण. त्यात देणारा मित्र कर्ता होतो, त्याला गा ही कर्त्याची खूण लागते, आणि तुझं 'वाताशि नि' तिथे अगदी बरोबर ठरतं.