पिच नाइट: सुरुवातीचं भाषण

नमस्कार. समोर बसलेले सर, मॅडम, आणि हॉस्टेलचं जेवण थोडं लांबवून आलेल्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, आपल्या उद्योजकता क्लबच्या पिच नाइटला तुमचं स्वागत. मी मेकॅनिकल, तिसऱ्या वर्षाची. या वर्षी क्लबची सेक्रेटरी आहे.

प्रोजेक्टर आज बंद आहे. तो आम्हीच बंद ठेवलाय. का, ते सांगते.

माझं गाव तासगाव तालुक्यात. काकांची बेदाण्याची शेड आहे. ज्यांनी शेड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात आणि जाळ्यांवर पसरतात. मग वाऱ्यावर वाळायला ठेवतात, पंधरवडाभर. त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, माल भिजला की बेदाणा काळा पडतो आणि भाव उतरतो. वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाते. लहानपणापासून मी ते बघत आलेय.

म्हणून पहिल्या वर्षी ठरवलं, शेडमध्ये सेन्सर बसवायचा. हवेतला दमटपणा वाढला की मोबाईलवर अलार्म वाजेल. सहा महिने हॉस्टेलच्या खोलीत बसून सर्किट जुळवलं, ॲप लिहिलं, नाव ठरवलं, लोगोसुद्धा केला. कुणाला काही सांगितलं नाही. अर्धवट गोष्ट दाखवायची लाज वाटत होती, आणि कुणी उचलेल अशी भीतीही होती. सगळं झाल्यावर काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, वारं फिरलं की मला झोपेतबी कळतंय. कळून काय करू? रात्री दोनला पडदे सोडायला माणसं कुठनं आणू?"

अडचण पाऊस कळण्याची नव्हतीच. पडदे सोडायला हात नव्हते. हा प्रश्न काकांनी मला पहिल्याच दिवशी विचारला असता, पण मी त्यांच्याकडे पहिल्या दिवशी गेलेच नाही. ते सहा महिने मला आजही लागतात. ते तुमच्यापैकी कुणाचे जाऊ नयेत, म्हणून ही संध्याकाळ.

इथून मिरज-पुणे गाडीत बसलात तर थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. आपण ते नाव इतक्यांदा वाचतो की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. तो नांगरही लगेच खपला नाही. लोखंडानं जमीन नासेल असं शेतकऱ्यांना वाटायचं. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन दिली आणि 1910 मध्ये माळरानावर वाडी उभी राहिली. सायकलच्या दुकानात उभं असताना त्यांच्या डोक्यात ही वाडी तयार असेल, असं मला वाटत नाही. एकेका गिऱ्हाइकाशी बोलत ते तिथवर आले असणार.

तर आज तीन मिनिटं, एक फळा, एक खडू. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. मराठीत बोला, हिंदीत बोला, घरी बोलता तसं बोला. नफा किती, बाजार केवढा, हे माहीत नसेल तर तसंच सांगा. पण त्रास कुणाचा आहे, त्या माणसाशी बोललात का, तो आज काय जुगाड करून भागवतोय, हे मात्र सांगा. मला विचाराल तर आज तेवढंच ऐकायचंय.

ऐकणाऱ्यांना एक विनंती, आणि ही मी मनापासून करतेय. "हे आधीच कुणीतरी केलंय" हे वाक्य आज नको. प्रश्न विचारा, अनुभव सांगा, "माझा मामा मार्केट यार्डात हळदीचा अडत्या आहे, त्याच्याशी बोल" असं सांगा. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण बोलल्याशिवाय जाऊ नका.

सुरुवात मी करते, म्हणजे पुढच्याला सोपं जाईल. माझी कच्ची कल्पना: बेदाणा शेडचे पडदे एका बटणावर खाली यावेत. अडलंय कुठं? शेड लांब आहे, पडदा वाऱ्यात फुगतो, आणि नेमक्या त्याच वेळी लाइट जाते. मोटर बॅटरीवर चालवावी की नुसत्या वजनानं पडदा खाली सोडावा, मला कळत नाहीये. इलेक्ट्रिकलवाले इथं आहेत, सिव्हिलवाले आहेत, आणि निदान चारपाच जणांच्या घरी शेड आहे हे मला माहीत आहे.

हा घ्या, फळ्यावर पडदा काढलाय. आता सांगा, यात काय चुकतंय?