कोल्हापुरी चप्पल: दालनातील पडद्यावर अखंड फिरणाऱ्या चित्रफितीचे निवेदन

(चित्र: दोरीने टांगलेली कातड्याची फुगलेली पिशवी, तळाशी थेंब गळत आहेत.)

पडद्यावर टांगलेली ही पिशवी म्हणजे म्हशीचे कातडे आहे आणि याच कातड्यातून कोल्हापुरी चप्पल तयार होणार आहे. चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढले, कडा शिवून त्याची पिशवी केली आणि आत बाभळीच्या सालीचे व हिरड्याचे पाणी भरले. ते पाणी कातड्यातून थेंबथेंब झिरपते, खालच्या भांड्यात साठते आणि पुन्हा वरून पिशवीत ओतले जाते. साल आणि हिरडा यांतील तुरट द्रव्य कातड्यात पूर्ण मुरले, की ते कुजत नाही. या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ कमी केला, तर पुढे चप्पल कितीही देखणी शिवली तरी तिचा तळ टिकत नाही.

(चित्र: ओल्या चामड्यावर रापी फिरते आहे.)

कोल्हापुरी चपलेचा तळ कापताना कारागीर आधी चामड्यावरून हात फिरवतो. जनावराच्या पाठीचे चामडे जाड व घट्ट असते, पोटाचे सैल असते. म्हणून तळासाठी पाठीचाच भाग घेतला जातो. हातातील रुंद पात्याच्या हत्याराला रापी म्हणतात.

(चित्र: अगदी जवळून, आरी आणि चामड्याची वादी.)

कोल्हापुरी चप्पल वादीने शिवली जाते. आता दिसते आहे ते टोकदार हत्यार म्हणजे आरी. आरीने तळाच्या थरांना आरपार भोक पाडले जाते, त्यातून चामड्याची बारीक, ओलसर वादी ओवली जाते आणि दोन्ही हातांनी ताणून टाका घट्ट बसवला जातो. वादी वाळली, की टाका आणखी आवळतो. परंपरेने या शिवणीत खिळा वापरत नाहीत. वादीही चामड्याची आणि तळही चामड्याचा असल्यामुळे चालताना दोन्ही एकत्र वाकतात, आणि म्हणूनच एखादा टाका सुटला तर तेवढाच टाका नव्याने घालून चप्पल पुन्हा वापरात आणता येते.

(चित्र: दोन स्त्रिया वेणी विणत आहेत.)

कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर जी नक्षी दिसते, ती चामड्याच्या पातळ पट्ट्यांची विणलेली वेणी आहे. तिच्यासाठी बकऱ्याचे मऊ चामडे लागते. वेणी विणण्याचे काम आमच्या घरांमध्ये प्रामुख्याने स्त्रिया करतात. जोडातील दोन्ही चपलांची वेणी सारख्याच ताणाने विणलेली असावी लागते, कारण एक सैल राहिली तर काही दिवसांतच पायाला फरक जाणवतो. चप्पल हातात घेणारा माणूस आधी वेणीच पाहतो, तेव्हा ती विणणाऱ्या हातांचे श्रेयही त्याच्यापर्यंत पोहोचावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

(चित्र: नकाशा, आठ जिल्हे एकेक करून उजळतात.)

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजयपूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. नावात कोल्हापूर असले, तरी सीमेपलीकडच्या अथणीसारख्या गावांतील कारागिरांचाही या कलेवर तितकाच हक्क आहे. कागल तालुक्यातील कापशी गावाच्या नावाने ओळखली जाणारी कापशी चप्पल या दालनात मधल्या फळीवर मांडली आहे.

(चित्र: दोन चपला शेजारीशेजारी, तळ वर केलेले.)

कोल्हापुरी चप्पल विकत घेताना ती उलटी करून तळ पाहावा. चामड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात आणि टाके हाताचे असल्यामुळे थोडे कमी-जास्त असतात. रेक्झिनच्या नकलेत वरचा रंगीत थर आणि खालचे कापड वेगवेगळे दिसतात. इथल्या कोणत्याही जोडाचा तळ आपण निःसंकोच उलटून पाहावा.

(चित्र: ओली चप्पल सावलीत उभी करून ठेवली आहे.)

कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात वापरू नये. भिजलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास चामडे आकसते आणि तडकते. नवी चप्पल अंगठ्याजवळ काही दिवस लागते, तेव्हा आतल्या बाजूला थोडे खोबरेल तेल लावून घरातल्या घरात थोडा वेळ वापरावी. चामडे पायाप्रमाणे सैलावते, म्हणून पहिल्या दिवशी ढिली वाटणारी चप्पल घेऊ नये.

(चित्र: कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखणी.)

कोल्हापुरी चप्पल आपल्या पायाच्या मापानेही शिवून मिळते. पडद्याच्या उजव्या बाजूच्या टेबलावर कागद व पेन्सिल ठेवली आहे. दोन्ही पायांची आखणी करावी, कारण अनेकांचे दोन पाय तंतोतंत सारखे नसतात. पाय पूर्ण टेकवून उभे राहावे आणि पेन्सिल सरळ उभी धरावी. आखणीच्या कागदावर आपले नाव, फोन क्रमांक आणि पसंतीच्या चपलेच्या चिठ्ठीवरील क्रमांक लिहून तो टेबलावरील पेटीत टाकावा.