वैशाली, मेसेज पाहिला होता

वैशाली, तू विचारलंस, "बघितलास ना मेसेज? मग एक शब्दही का बोलला नाहीस?" बघितला होता. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलास तेव्हाच. इन्फोमध्ये तुला माझं नाव दिसलं ते खरंच आहे, आणि त्यावर मी काही सबब सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी तू मला एकट्याला वेगळा मेसेज करून विचारलंस तेही लगेच वाचलं. बराच वेळ तुला "टायपिंग" दिसत राहिलं असेल. लिहीत होतो आणि पुसत होतो.

तू विचारलं होतंस, "सुहासचं काय चाललंय? कोणाला काही माहीत आहे का? अडचणीत असेल तर आपण सगळे मिळून मदत करू." यात वावगं काहीच नव्हतं. बाकीचे नुसते सुप्रभात टाकत होते, तेव्हा त्याची आठवण तुलाच झाली. पण मला माहीत होतं. सुहासने मला आधीच सांगितलं होतं आणि कोणाला बोलू नकोस असंही सांगितलं होतं. अशा वेळी ग्रुपवर काय लिहिणार? "मला काही कल्पना नाही" म्हणालो असतो तर ते धडधडीत खोटं. "माहीत आहे, पण सांगता येत नाही" म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या वर्गाने त्याला फोन केले असते. "तो बरा आहे" एवढं लिहिलं तरी माझा त्याच्याशी संपर्क आहे हे कळलंच असतं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला होता.

तुला वेगळं तरी का नाही कळवलं, हा तुझा राग मला समजतो. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. गोष्ट त्याची आहे, ती कोणाला सांगायची हे त्यानेच ठरवायचं. तुला "थांब, नंतर सांगतो" असं लिहिलं असतं तरी काहीतरी आहे हे तुला समजलं असतं आणि तू काळजीत पडली असतीस. म्हणून आधी त्याला विचारायचं ठरवलं. तो फोन उचलत नव्हता. काल रात्री उचलला.

मधल्या काळात ग्रुपवर जे झालं ते तू पाहिलंसच. एकाने नोकरी गेल्याचं लिहिलं, दुसऱ्याने आजारपण, तिसऱ्याने पैसे जमवायला स्वतःचा यूपीआय नंबरही टाकला. यातलं कोणालाच धड काही माहीत नव्हतं. तो मेसेज उडवावा असं फार वाटलं. ॲडमिन म्हणून उडवताही आला असता, पण तिथे "ॲडमिनने मेसेज डिलीट केला" अशी ओळ माझ्या नावासकट राहते, आणि मग चर्चा त्या ओळीवरच सुरू झाली असती. फक्त ॲडमिनने लिहायचं असं सेटिंग केलं असतं तरी तेच. म्हणून मी त्या गृहस्थाला फोन केला, त्याने स्वतःच नंबर काढला. सुहास ग्रुपवर बोलत नसला तरी ग्रुपमध्येच आहे, वैशाली. ते सगळं त्याच्यापर्यंत पोचत होतं. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाटत होतं.

आता तुला सांगायला त्याने परवानगी दिली आहे, ती एवढीच: तो सुखरूप आहे, घरचे सोबत आहेत, पैशांची गरज नाही. बाकीचं त्याला तुझ्याशी स्वतः बोलायचं आहे. "वैशालीने विचारलं ते बरं वाटलं, पण सगळ्यांसमोर नको होतं," असं म्हणाला. रविवारी संध्याकाळी सातनंतर त्याला फोन कर. आधी मेसेज टाकू नकोस, सध्या तो मेसेज बघायचं टाळतो. काय झालं ते तू विचारू नकोस, तो आपणहून बोलेल. नाहीच बोलला तर इकडच्या तिकडच्या गप्पा मार, त्यालाही तेच हवं असेल.

ग्रुपवर मी आज हे टाकतोय: "सुहासशी बोलणं झालं आहे. कोणतीही वर्गणी काढायची नाही. त्याला भेटायचं तेव्हा तो स्वतः कळवेल. कृपया अंदाज लिहू नयेत." तुला यात काही खटकत असेल तर दुपारच्या आत सांग. मी टाकल्यावर कोणी तुला विचारलं, तर ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, माझ्याकडे पाठव.

आणि पुढे कधी मी वाचून गप्प बसलो आणि गोष्ट अडण्यासारखी असेल, तर निळ्या टिका बघत बसू नकोस, सरळ फोन कर. फोन मी उचलतो. सांगता येत नसेल तर फोनवर तेवढं तरी तुला स्पष्ट सांगेन.