पुढील पाच वर्षांतील पेन्शन व ग्रॅच्युइटी दायित्वाची तरतूद : वित्त समितीसाठी टिपणी

दि. १२ जानेवारी २०२६

संस्थेला केंद्र शासनाचे पेन्शन नियम लागू आहेत. २०२६-२७ ते २०३०-३१ या काळात २३ जणांची निवृत्तीची देणी द्यायची आहेत. त्यांतले १९ जुन्या पेन्शनचे, ४ एनपीएसचे. एनपीएसवाल्यांना संस्थेकडून मासिक पेन्शन नाही, पण ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण द्यावेच लागते. मागच्या अंदाजात हे चौघे सुटले होते.

हिशेबाचा नमुना : मूळ वेतन ६८,००० रु., महागाई भत्ता ५८ टक्के, अर्हताकारी सेवा ३१ वर्षे ८ महिने. तीन महिन्यांहून कमी उरलेला तुकडा सोडून द्यायचा, म्हणून ६३ सहामाही.

ग्रॅच्युइटी : १,०७,४४० ÷ ४ × ६३ = १६,९२,१८० रु. (कमाल मर्यादा २५ लाख)
अंशराशीकरण : ३४,००० च्या ४० टक्के = १३,६००; × १२ × ८.१९४ = १३,३७,२६१ रु.
रजा रोखीकरण, ३०० दिवस : १०,७४,४०० रु.
एकरकमी : ४१,०३,८४१ रु.

यानंतर दरमहा २०,४०० रु. पेन्शन आणि १९,७२० रु. महागाई मदत. ही मदत पूर्ण ३४,००० वर मोजायची. अंशराशीकरणानंतर उरलेल्या रकमेवर मोजली, तर दरमहाचा आकडा ७,८८८ रुपयांनी कमी येतो आणि तूट वर्षअखेरीलाच उघड होते. मासिक पेन्शनची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी आहे, खालच्या आकड्यांत नाही.

एकरकमी देणी, देय वर्षानुसार (लाख रु.; दरसाल ३ टक्के वेतनवाढ, महागाई भत्त्यात ६ अंकांची वाढ गृहीत) :

२०२६-२७ : ४ जण, १५८
२०२७-२८ : ६ जण, २२३
२०२८-२९ : ३ जण, १२६
२०२९-३० : ७ जण, २७१
२०३०-३१ : ३ जण, ११२
एकूण ८९०

३१ मार्च २०२८ ला निवृत्त होणारे दोघे मुद्दाम २०२८-२९ मध्ये धरले आहेत, कारण त्यांची रक्कम १ एप्रिलला देय होते. एक तारखेला जन्मलेले आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात, तेही तपासून घेतले आहे.

निधीत ३१ मार्च २०२६ ला २४० लाख शिल्लक राहतील. उरलेले ६५० लाख पाच समान हप्त्यांत, म्हणजे दरसाल १३० लाख भरले, तर २०२९-३० मध्ये १८ लाख कमी पडतात. एकूण बेरीज जुळते, पण चौथ्या वर्षी पैसा हातात नसतो. म्हणून पहिली चार वर्षे १४५ लाख आणि पाचव्या वर्षी ७० लाख भरावेत. व्याज हिशेबात धरलेले नाही.

आठव्या वेतन आयोगाचा परिणामही यात नाही. आदेश निघताच नव्या मूळ वेतनावर सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील.

सर्व २३ सेवापुस्तकांची पडताळणी ३० जूनपर्यंत पूर्ण व्हावी. विनावेतन असाधारण रजेची नोंद राहिली की सेवा जास्त मोजली जाते, आणि वाद निवृत्तीच्या तोंडावर उभा राहतो. ग्रॅच्युइटी लांबली तर व्याज संस्थेच्या माथी बसते.

मान्यतेसाठी सादर.

लेखाधिकारी