पानशेतचा पाहुणा

पानशेतच्या सहलीचा फोटो ईशानने रात्री घरच्या ग्रुपवर टाकला. सतरंजीवर सगळे बसलेले, मधे थालीपीठांचा डबा, आणि मागे करंजाच्या झाडाआडून डोकावणारा, कपाळावर शिंग असलेला भलामोठा डायनासोर.

आत्याने किंचाळणारे चेहरे पाठवले. काकांनी नुसताच अंगठा. आजीने मात्र चष्मा पुसला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि हाक मारली, "ईशान, इकडे ये बघू."

तो ओरडा खायच्या तयारीनेच आला.

"आमच्या सगळ्यांच्या सावल्या डावीकडे. ह्याची उजवीकडे कशी?"

ईशान बघतच राहिला. एवढे खवले, एवढे दात नीट बसवले, आणि सावलीच उलटी!

"कोण आहे हा?"

"राजासॉरस. आपल्याकडचाच. गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याची हाडं सापडली."

"शेजारचाच म्हणायचा. थालीपीठ खातो?"

"छे, मांस खातो."

"मग माझ्या डब्यामागे काय करतोय? काकाच्या मागे उभा कर, चिकन त्याने आणलं होतं."

ईशानने सावली फिरवली, डायनासोर सरकवला.

"अजून थोडा पुढे घे. शेपटी माझ्या तोंडावर येऊ दे. घास घेताना काढलाय मेल्यांनी फोटो."

दहा मिनिटांत आजीच्या भिशीच्या ग्रुपवर फोटो गेला. खाली लिहिलं होतं : पानशेतला जाऊन आलो. ऐनवेळी एक पाहुणे वाढले.