विषय: द्राक्षाच्या फळछाटणीसाठी संयुक्त प्रचार – निफाड, दिंडोरीतल्या १० वितरकांपासून सुरुवात

मा. कुलकर्णी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ठिबक बसवून झाल्यावर द्राक्ष बागायतदाराचा रोजचा प्रश्न एकच उरतो: आज किती वेळ पाणी सोडू? मातीमापचा ओलावा सेन्सर याच प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर मराठीत देतो. आम्ही ठिबक विकत नाही, खतंही विकत नाही, त्यामुळे आपल्या वितरकांशी आमची स्पर्धा नाही. येत्या १५ सप्टेंबरपासून १५ डिसेंबरपर्यंत दोन्ही नावांनी एक मोहीम राबवावी, असा हा प्रस्ताव आहे.

मोहिमेचा गाभा एका हिशेबात आहे. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वेलीमागे ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एका तासात एकरी ७,७४४ लिटर पाणी जातं. अर्धा तास जास्त चालवलं की ३,८७२ लिटर. ते नुसतं वाया जात नाही. फुटींचा जोर वाढतो, कॅनॉपी दाट होते आणि केवड्याला वाट मिळते. हा हिशेब वितरकाच्या काउंटरवर, शेतकऱ्याच्याच लागवडीच्या अंतरावर मांडून दाखवायचा. चांगलं ठिबक नेमकं चालवलं तरच त्याचं खरं मोल कळतं, हे आपलं म्हणणंही त्यातून आपोआप पोचतं.

प्रत्येक वितरकाकडे एक चालू संच आणि त्याच्या ओळखीच्या बागेत छाटणीनंतर दोन शिवारफेऱ्या, असं स्वरूप राहील. शिवारफेरीत आमचा माणूस सेन्सर सगळ्यांसमोर बसवेल, कारण गडबड तिथेच होते. सेन्सर थेट ड्रिपरखाली लावला तर माती कायम ओलीच दिसते. म्हणून तो ड्रिपरपासून १५ ते २० सेंटिमीटर बाजूला, एक ३० आणि एक ६० सेंटिमीटर खोलीवर बसवतो. भोवती पोकळी राहिली की आकडा खोटा कोरडा येतो. काळ्या जमिनीत भेगा पडल्यावर हे हमखास घडतं, तेव्हा त्याच मातीचा पातळ गारा ओतून सेन्सर पुन्हा घट्ट बसवावा लागतो. पत्रकाची मागची पूर्ण बाजू आम्ही यालाच दिली आहे. चुकीच्या आकड्यावर बाग ताणली गेली, तर नाव दोघांचंही खराब होईल.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात: वितरकांची एक बैठक, आपल्या ग्राहकांना दोन एसएमएस आणि बोधचिन्ह वापरण्याची लेखी परवानगी. ग्राहकांची यादी आम्हाला नको. संदेश आपणच पाठवा. शेतकरी क्यूआर कोड स्कॅन करून स्वतः संमती देईल, तेव्हाच त्याचा नंबर आमच्याकडे येईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ पाहता हाच मार्ग बरा. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर मंजूर आणि त्यातली लिंक आधी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर संदेश वाटेतच अडतो. म्हणून अंतिम मजकूर आम्ही ३१ जुलैपर्यंत देऊ.

१० प्रात्यक्षिक संच, २० शिवारफेऱ्या आणि ५,००० पत्रकांचा खर्च आमचा. एसएमएस आणि बैठकीचा आपला. संचाची किंमत ९,५०० रुपये आहे. वितरकाला १२ टक्के, म्हणजे संचामागे १,१४० रुपये मिळतील. हा वाटा स्पष्ट ठेवला नाही, तर संच दुकानात कपाटावर जातो, हे आपणही जाणता. विक्रीनंतरची तक्रार आमच्याच नंबरवर येईल. तिचा भार आपल्या सेवा विभागावर पडणार नाही.

प्रत्येक दुकानाचा क्यूआर कोड वेगळा असेल. किती जणांनी स्कॅन केलं, किती शिवारफेरीला आले, किती जणांनी संच घेतला, हा तक्ता दर सोमवारी आपल्याला मिळेल. ३१ ऑक्टोबरपर्यंत दहा दुकानांत मिळून १५० शेतकरीही फेऱ्यांना आले नाहीत, तर मोहीम तिथेच थांबवू. पाणीबचतीचा कोणताही टक्का पत्रकावर छापलेला नाही आणि या हंगामाच्या नोंदी आपल्या कृषितज्ज्ञांनी तपासल्याशिवाय छापणारही नाही.

आपण फक्त आमच्याबरोबरच काम करावं, अशी अट नाही. कोणत्याही बाजूने १५ दिवसांची लेखी सूचना देऊन बाहेर पडता येईल. त्यानंतर सात दिवसांत आपलं बोधचिन्ह सगळीकडून काढू.

पत्रकाचा नमुना, दोन्ही एसएमएसचे कच्चे मजकूर आणि दोन पानी कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. वितरक निवडण्यात आपल्या नाशिक विभागीय व्यवस्थापकांचा शब्द महत्त्वाचा, म्हणून १० जुलैपूर्वी आपण आणि ते मिळून अर्ध्या तासाची वेळ द्यावी, ही विनंती. मी चालू संच घेऊन आपल्या कार्यालयात येईन.

आपली,
ऋतुजा बोरस्ते
सहसंस्थापक, मातीमाप, नाशिक