शंभरातल्या अठरा: मेधाताई आणि सुहास यांची मंचावरची संहिता

वेळ ८ मिनिटे, स्लाइड ५. समोर या आठवड्यात रुजू झालेल्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि तंत्रज्ञ.

सुहास, आधी हे वाच. प्रत्येकाच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य ही हवाली करण्याची खूण. ते जसंच्या तसं बोलायचं, त्यानंतर एक शब्दही जोडायचा नाही. बाकीचं तुझ्या तोंडात बसेल तसं बोल. खूण ऐकली की मनात "एक, दोन" म्हण आणि मग सुरू कर. परवाच्या तालमीत आपण दोघंही "तर" म्हणत एकदम सुरू झालो होतो, म्हणून कोणाचंही पहिलं वाक्य "तर", "हो" किंवा "आणि" ने सुरू होत नाही. एक बोलत असताना दुसऱ्याने "बरोबर" म्हणून दुजोराही द्यायचा नाही, मान हलवली तरी पुरे. रिमोट बोलणाऱ्याच्या हातात राहील. अपवाद फक्त प्रात्यक्षिकाचा.

स्लाइड १ (कोरी, काळी). मेधा मध्यभागी, सुहास डावीकडे एक पाऊल मागे.

मेधा: नमस्कार. मी मेधा, हा सुहास. पुढची आठ मिनिटं आम्ही दोघं एकाच विषयावर बोलणार आहोत: आपले हात. सुरुवात एका जुन्या कोड्याने करते. साल १८४६, व्हिएन्नाचं मोठं रुग्णालय. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक माता दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. इमारत एक, शहर एक. बायकांना हा फरक ठाऊक होता, पहिल्या विभागात जायला त्या घाबरत. उत्तर शोधणारा माणूस कोण होता, ते सुहास सांगेल.

(रिमोट सुहासच्या उजव्या हातात. मेधा उजवीकडे सरकते. सुहास मध्यभागी पोचेपर्यंत कोणीही बोलत नाही.)

स्लाइड २ (दोन विभागांचे आकडे)

सुहास: इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर. त्याने एकेक शक्यता तपासली. सुईणींकडे बायका कुशीवर बाळंत होत, म्हणून पहिल्या विभागातही तसं करून पाहिलं. फरक नाही. मरणासन्न बाईसाठी पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जाई, त्या घंटेच्या धसक्याने बायका दगावत असतील का? त्याचा रस्ता बदलला, घंटा बंद केली. तरीही फरक नाही. मग १८४७ साली त्याचे सहकारी याकोब कोलेचका यांना शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला जखम झाली आणि ते गेले. त्यांच्या शरीरात जे बिघाड दिसले, ते बाळंतिणींच्या तापासारखेच होते. सुरीवर जे होतं, तेच हातांवर होतं का?

(इथे मनात तीनपर्यंत मोज. हा प्रश्न सभागृहाला पोचायला वेळ लागतो आणि आपल्या पूर्ण भाषणातली हीच शांतता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रिमोट परत माझ्याकडे.)

स्लाइड ३ (एप्रिल, जून, जुलै १८४७)

मेधा: होतंच. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करत आणि तेच हात घेऊन प्रसूतीच्या खाटेशी जात. सुईणी शवविच्छेदन करत नसत. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजलेला नव्हता, सेमेलवाइसला जंतू माहीत नव्हते. तरी त्याने मे महिन्यात नियम केला: खाटेशी जाण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये दोन. जुलैमध्ये एक. (थांब.) ज्यांना हे पटायला हवं होतं, त्यांतल्या अनेकांना पटलं नाही. आपलेच हात आजार देतात हे डॉक्टरांनी मान्य करणं सोपं नव्हतं. १८६५ साली सेमेलवाइस गेला, तेव्हाही त्याचं म्हणणं सर्वमान्य झालेलं नव्हतं. आपल्याला ते पटलेलं आहे, प्रश्न आहे तो आपण करतो कसं याचा. सुहास, हात दाखव.

(आता नीट लक्ष दे. या टप्प्यावर रिमोट माझ्याकडेच राहील, कारण तुझे हात ओले असतील. तुझा कॉलर माइक आधीच चालू करून ठेव. चमकणारा रंग मिसळलेलं हँडरब टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, अतिनील दिवा उजव्या कोपऱ्यात. दिवा मी धरणार.)

सुहास: हे हँडरब आहे, यात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळला आहे. कामाच्या गडबडीत चोळतो, अगदी तसंच चोळतो. ताई, वेळ लावा.

(मेधा बोलते, सुहास चोळत राहतो, बोलत नाही. मुद्दाम अंगठे आणि बोटांची टोकं टाळ, आणि सात सेकंदांनी थांब.)

मेधा: घड्याळ सुरू. हँडरबने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. साबण-पाण्याने पूर्ण प्रक्रियेला ४० ते ६०. हात दिसण्याइतके मळले असतील, तर हँडरब पुरत नाही, साबण-पाणीच हवं. सुहास थांबला, माझं घड्याळ सात सेकंद दाखवतंय. दिवा लावते.

(सभागृहातले दिवे मंद. हा इशारा तंत्रज्ञाला हात वर करून मी देईन. दिवा तुझ्या तळव्यांवर आल्यावरच बोल.)

सुहास: तळवे चमकतात, ते ठीक. अंगठा पाहा, काळाच राहिला. बोटांची टोकं काळी. बोटांच्या बेचक्यांत पट्टे आहेत. याच बोटांच्या टोकांनी मी आत्ता रुग्णाची सलाइनची नळी धरली असती. दिवे लावा, ताई पुढचं सांगतील.

(सुहासने हात कागदी टॉवेलने पुसून परत यावं. तेवढ्यात स्लाइड ४ माझ्याकडून.)

स्लाइड ४ (पाच वेळा)

मेधा: जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वी. स्वच्छ प्रक्रियेपूर्वी, म्हणजे इंजेक्शन, ड्रेसिंग. शरीरातल्या द्रवांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर. रुग्णाला हात लावल्यानंतर. पाचवी वेळ बहुतेकांची चुकते, ती सुहास सांगेल.

(रिमोट सुहासकडे.)

सुहास: रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पलंगाचा कठडा, टेबल, चार्ट. रुग्णाला स्पर्शही केला नाही, तरी हात स्वच्छ करायचे. हातमोजे काढल्यानंतरही. हातमोजे हा पर्याय नाही. आता सगळे उभे राहा, ताई पायऱ्या सांगतील.

स्लाइड ५ (चोळण्याच्या पायऱ्या, चित्रांत)

मेधा: तळव्याला तळवा. डाव्या हाताच्या पाठीवर उजवा तळवा, मग उलट. बोटं बोटांत गुंफून. बोटांच्या मागच्या बाजू समोरच्या तळव्यात. अंगठा मुठीत धरून गोल. बोटांची टोकं तळव्यात गोल. हात कोरडे होईपर्यंत. प्रश्न असतील तर विचारा.

(प्रश्नांसाठी: इतिहासाचे मी, साहित्य आणि त्वचेच्या तक्रारींचे सुहास. कोण उत्तर देणार हे कळत नसेल, तर माझ्याकडे बघ. मी मान हलवली की तू, नाहीतर मी. एकाचं उत्तर पूर्ण होण्याआधी दुसऱ्याने भर घालायची नाही.

दिवा लागला नाही, तर मी म्हणेन "दिवा बाजूला ठेवू", आणि तू अंगठा वर करून "हे ठिकाण राहिलं" असं सांगायचंस. तिथून थेट स्लाइड ४.)